तहसील, महसूल आणि हशील

गेल्या आठवड्यात आपण मूळ शब्दाला पुढून-मागून काही जोडून नवे शब्द कसे होतात ते पाहिले. या वेळी पाहायची आहे ती अरबीची रीत. तिथे बरेचसे काम शब्दाच्या पोटात, स्वर बदलून होते. तिचे नमुने आपल्याच तालुक्याच्या कचेरीत सापडतात.

सातबारा काढायला आपण तहसील कार्यालयात जातो, ते असते महसूल खात्याचे, आणि काम न होता परत आलो की घरचे विचारतात, "एवढे हेलपाटे घालून काय हशील?" हे तिन्ही शब्द एकाच अरबी धातूचे आहेत. ते फारसीच्या वाटेने मराठीत आले.

तो धातू म्हणजे ह, स, ल ही तीन व्यंजने, याच क्रमाने. हातात येणे, प्राप्त होणे हा त्यांचा गाभ्यातला अर्थ. पण धातू नुसता उच्चारता येत नाही, कारण त्याला स्वरच नसतात. आपल्याकडेही 'पड' आणि 'पाड', 'मर' आणि 'मार' अशी स्वर बदलणारी जोडपी आहेत, परंतु 'पड' हा स्वतःच बोलता येणारा शब्द आहे. अरबी धातूला आधी साचा लागतो. साच्यात स्वर ठरलेले असतात आणि तीन व्यंजनांसाठी तीन जागा मोकळ्या असतात.

पहिल्या व्यंजनामागे 'आ' आणि दुसऱ्यामागे 'इ' आला की करणारा किंवा होणारा असा अर्थ मिळतो. त्यातून झाला हासिल, म्हणजे हाती येणारे. मराठीने त्याचा हशील केला. दुसऱ्या साच्यात पुढे 'म' लागतो आणि दुसऱ्या व्यंजनामागे 'ऊ' येतो. अर्थ होतो 'ज्यावर क्रिया झाली ते'. म्हणून महसूल म्हणजे मिळालेले, जमा झालेले. तिसऱ्यात पुढे 'त' आणि दुसऱ्या व्यंजनामागे 'ई'. हा साचा ज्या क्रियापदाचे नाम देतो, त्यात मधले व्यंजन दुहेरी होते आणि पुष्कळदा क्रिया घडवून आणल्याचा अर्थ येतो. मिळणे याचे मिळवणे होते, म्हणून तहसील म्हणजे गोळा करणे, वसुली. वसुलीचे नाव पुढे त्या मुलखाला आणि कचेरीला चिकटले. 'तहसीलदार'मधला 'दार' मात्र फारसीने मागून जोडलेला आहे.

साचे ओळखीचे झाले की रोजचे शब्द आपोआप रांगेत बसतात. हाजीर, जाहीर, गाफील हे पहिल्या साच्यातले. मंजूर आणि मजकूर दुसऱ्यातले. मजकूर म्हणजे ज्याचा उल्लेख झाला ते. तपशील आणि तालीम तिसऱ्यातले. तालीम म्हणजे मुळात शिकवणे, आणि 'ठाऊक असलेले' या अर्थाचा मालूम तिचाच भाऊबंद आहे.

मात्र मालूम आणि तालीम यांत ल आणि म ही दोनच व्यंजने ऐकू येतात. पहिले व्यंजन आहे 'ऐन', घशात खोलवर उमटणारा एक आवाज. आपल्याकडे तो नाही, म्हणून तो गळाला आणि त्याच्या जागी 'आ' लांबला. अंमल, मामूल आणि मामला यांचे असेच. ऐन, म, ल हा त्यांचा धातू, अर्थ काम करणे. म्हणजे अंमलदार आणि मामलतदार हे एकाच कुळातले निघाले. कानाला तिसरे व्यंजन मिळत नसेल तर आधी या ऐनाचा संशय घ्यावा.

उलट फसगतही होते. नजर, नाझर आणि मंजूर एका धातूचे आहेत: पाहणे, देखरेख करणारा, पाहून मान्य केलेले. मग नजराणाही त्यातलाच, असे कुणालाही वाटेल. तसे नाही. नजराण्याचा धातू नवस बोलणे, अर्पण करणे या अर्थाचा आहे. दोन्ही धातूंत मधले व्यंजन अरबी लिपीत वेगवेगळ्या अक्षराने लिहितात आणि अरब ते वेगळे उच्चारतात. फारसीत दोहोंचा उच्चार एक झाला आणि देवनागरीत दोन्ही 'ज' झाले. म्हणून केवळ मराठी रूपावरून नाते ठरवू नये. मूळ अक्षरे पाहावीत. अरबीचे कितीतरी कोश धातूंप्रमाणेच लावलेले असतात. त्यात महसूल 'म'खाली नव्हे, 'ह'खाली शोधावा लागतो.

आणि प्रत्येक धातू प्रत्येक साच्यात वापरात असतोच असे नाही. साचा अर्थाची दिशा दाखवतो, नेमका अर्थ रूढीच ठरवते. 'पाहिलेले' याचा 'मान्य' कसा झाला, हे साच्यावरून कुणाला आधी सांगता आले नसते.

मराठीत शब्द आले, साचे रुजले नाहीत. आपल्या एखाद्या क्रियापदाला पुढे 'म' आणि मध्ये 'ऊ' लावून आपण नवा शब्द घडवत नाही. पुढच्या भागात याच रीतीने होणारी अनेकवचने पाहू: 'खबर'चे अखबार, आणि 'अमीर'चे अनेकवचन असूनही मराठीत एकट्या माणसाला लागणारा उमराव.