ए आणि एच यांचे जमेल का?

लग्नासाठी स्थळ आले की पूर्वी पत्रिका मागवली जायची. आता काही घरांत त्याआधीच बायोडेटावरच्या दोन नावांची इंग्रजी आद्याक्षरे शेजारी ठेवून पाहिली जातात. ‘ए आणि पी लाभत नाही’, ‘एस आणि एस दोघेही हट्टी’ असे निर्णय ऐकू येतात. ते येतात कुठून आणि त्यांचा हिशेब कसा होतो, हे समजून घेण्यासारखे आहे.

पद्धत दिसायला सोपी आहे. इंग्रजी वर्णमालेतल्या प्रत्येक अक्षराला एक अंक दिलेला असतो आणि प्रत्येक अंकाचा एक ग्रह मानलेला असतो. १ म्हणजे सूर्य, २ चंद्र, ३ गुरू, ५ बुध, ६ शुक्र, ८ शनी, ९ मंगळ; ४ आणि ७ हे आपल्याकडचे अंकज्योतिषी राहू-केतूला देतात. मग आपल्या फलज्योतिषातले ग्रहांचे मित्र-शत्रू पाहायचे. सूर्य आणि शनी शत्रू, म्हणून १ आणि ८ अंकांची अक्षरे एकत्र आली की जोडी अशुभ. सूर्य आणि बुध यांचे जमते, म्हणून १ आणि ५ शुभ.

अडचण पहिल्याच पायरीवर येते. अक्षरांना अंक देणारे कोष्टक एक नाही. आपल्याकडे दोन कोष्टके सर्रास वापरली जातात आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत.

पहिल्याला ‘खाल्डियन’ म्हणतात. ते लोकप्रिय करण्यात मोठा वाटा ‘कीरो’ या टोपणनावाने गाजलेल्या विल्यम जॉन वॉर्नर या आयरिश भविष्यवेत्त्याचा (१८६६-१९३६). तरुणपणी आपण मुंबईत उतरून कोकणातल्या ब्राह्मणांकडे हस्तसामुद्रिक शिकलो, असे तो सांगत असे. त्याच्या कोष्टकात अंक वर्णमालेच्या क्रमाने येत नाहीत. एला १, बीला २, पण सीला आणि जीलाही ३. बहुतेक अंकांमागे हिब्रू अक्षरांची जुनी संख्यामूल्ये दिसतात. उदाहरणार्थ, हिब्रूत ‘प’ ८० आणि ‘र’ २००, म्हणून इथे पी ८ आणि आर २. या कोष्टकात ९ कोणत्याच अक्षराला मिळत नाही. तो अंक पवित्र, असे कारण दिले जाते. गंमत अशी, की कीरोने ४ हा अंक युरेनसला आणि ७ नेपच्यूनला दिला आहे. हे ग्रह सापडले अनुक्रमे १७८१ आणि १८४६ साली, तेव्हा प्राचीन खाल्डियनांना ते ठाऊक असण्याचा प्रश्नच नाही.

दुसऱ्या कोष्टकाला पायथागोरसचे नाव आहे. त्यात ए ते आय यांना ओळीने १ ते ९, जे ते आर यांना पुन्हा १ ते ९ आणि एसपासून परत १. वापरायला सुटसुटीत, पण हे २६ अक्षरांच्या इंग्रजी वर्णमालेवर बेतलेले आहे. त्यातले ‘जे’ हे ‘आय’पासून वेगळे अक्षर म्हणून ओळखले जाऊ लागले ते सोळाव्या शतकात, म्हणजे पायथागोरसनंतर दोन हजार वर्षांनी.

आता एक जोडी घेऊन पाहू. समजा मुलगी अदिती आणि मुलगा हर्षद. आद्याक्षरे ए आणि एच. खाल्डियन कोष्टकात ए १ आणि एच ५. सूर्य आणि बुध, म्हणजे जोडी छान. पायथागोरसच्या कोष्टकात ए १ आणि एच ८. सूर्य आणि शनी, म्हणजे नकार कळवा. मुलगी तीच, मुलगा तोच. बदलले फक्त कोष्टक.

हवे तर तिसरे मतही घेता येते. आपल्या पंचांगातल्या अवकहडा चक्रात सत्तावीस नक्षत्रांच्या १०८ चरणांना अक्षरे दिलेली आहेत आणि जन्मवेळ ठाऊक नसेल तर नावाच्या पहिल्या अक्षरावरून नावरास काढायची रीत आहे. त्यानुसार ‘अ’ कृत्तिकेच्या पहिल्या चरणाचा, रास मेष. ‘ह’ पुनर्वसूच्या तिसऱ्या चरणाचा, रास मिथुन. मेषेपासून मिथुन तिसरी, मिथुनेपासून मेष अकरावी. हा त्रिरेकादश योग चांगला मानतात. म्हणजे दोन मते बाजूने, एक विरुद्ध. निदान या चक्रात अक्षर उच्चाराचे तरी असते. इंग्रजी आद्याक्षराच्या हिशेबात तेही नाही.

तिथेच दुसरी मोठी अडचण येते. मराठी नावाचे इंग्रजी स्पेलिंग ही केवळ रूढी आहे. ज्ञानेश्वर हे नाव महाराष्ट्रात ‘डी’ने सुरू होते. हिंदी उच्चाराप्रमाणे लिहिणारा ‘जी’ लिहितो आणि संस्कृत अभ्यासकांच्या पद्धतीत ते ‘जे’ने लिहितात. खाल्डियन कोष्टकात हे अंक अनुक्रमे ४, ३ आणि १. म्हणजे एकाच नावाच्या माणसाचा ग्रह पुण्यात राहू, भोपाळला गुरू आणि प्रबंधाच्या पानावर सूर्य. रोमी कोंकणीत ‘श’साठी एक्स वापरतात, तिथली शांता एक्सने सुरू झाली तर तिचा अंक ५, आपल्याकडची एसने सुरू होणारी शांता मात्र ३.

‘पण आमच्या ओळखीत तसेच घडले’ हा यावरचा नेहमीचा युक्तिवाद. मराठी नावांत ए, एस आणि पी यांनी सुरू होणारी नावे भरपूर. समजा शंभरातल्या पंधरा मुलींची आणि पंधरा मुलांची नावे एसने सुरू होतात. मग नाव न पाहता लग्ने लावली तरी शंभरातली दोनेक जोडपी एस-एस निघणारच. त्यातले एखादे भांडले की नियम सिद्ध होतो. सुखाने नांदणाऱ्यांची कोणी नोंद ठेवत नाही.

नावातल्या अक्षरांचा मनावर थोडा परिणाम होतो, हे मात्र खरे असावे. बेल्जियमचे मानसशास्त्रज्ञ योझेफ नुटिन यांनी १९८५ साली दाखवले की माणसाला स्वतःच्या नावातली अक्षरे इतर अक्षरांपेक्षा नकळत जास्त आवडतात. पुढे २००४ साली अमेरिकेतल्या विवाहनोंदी पाहून काही संशोधकांनी म्हटले, की आपल्या नावाशी मिळतेजुळते नाव असलेल्याशी लग्न होण्याचे प्रमाण अपेक्षेपेक्षा जास्त आहे. उरी सिमनसन यांनी २०११ साली अशा निष्कर्षांची फेरतपासणी केली, तेव्हा साधे कारण पुढे आले. एका पिढीत आणि एका समाजात ठरावीक नावांची चलती असते आणि लोक बहुधा आपल्याच वयाच्या, आपल्याच समाजातल्या माणसाशी लग्न करतात. त्यामुळे नावे सारखी निघतात. शिवाय हे सारे संशोधन जोडी का जमते याबद्दल होते; जमलेली जोडी टिकेल की नाही याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

अक्षरे जुळत नाहीत म्हणून नावात एखादा जादा ‘ए’ किंवा ‘एच’ घालण्याचा सल्लाही मिळतो. तो कागदोपत्री अमलात आणायचा तर राजपत्रात नावबदल, मग आधार, पॅन, पासपोर्ट आणि बँकखाते असे सगळे बदलावे लागते. एवढे करूनही पहिले अक्षर तेच राहते, म्हणजे ज्या आद्याक्षरावरून जोडी नापास झाली ते जागच्या जागीच असते.

तेव्हा कोणी आद्याक्षरावरून स्थळ नाकारायला सांगितले, तर त्याला एवढेच विचारा: कोणते कोष्टक वापरलेत, दुसऱ्या कोष्टकाने काय येते आणि स्पेलिंग बदलले तर काय होते? उत्तरे तीन आणि वेगवेगळी येत असतील, तर तो निर्णय त्या दोघांविषयी नाही, हातातल्या कोष्टकाविषयी आहे. मुलगा-मुलगी एकमेकांशी बोलून काय म्हणतात, त्यावर स्थळ ठरवा.