पाव फुगायला ‘एक तास’: पण कुठल्या खोलीतला तास?

पावाची कुठलीही कृती काढून बघा. त्यात एक वाक्य हमखास असतं : “पीठ झाकून एक तास उबदार जागी ठेवा, दुप्पट होईल.” आता हा तास नाशिकच्या डिसेंबरातला की नागपूरच्या मे महिन्यातला, हे कृती सांगत नाही. पहिल्या ठिकाणी तासाभराने पीठ जेमतेम हललेलं असतं, तर दुसऱ्या ठिकाणी ते फुगून, भांड्याबाहेर डोकावून परत खाली बसायला लागलेलं असतं. त्यामुळे “यीस्टच खराब होतं” असं म्हणून पाकीट फेकून दिलं जातं. यीस्ट बिचारं बहुतेक वेळा ठीक असतं, चुकलेलं असतं ते घड्याळ.

यीस्ट म्हणजे आपल्या विज्ञानाच्या पुस्तकातलं किण्व, एकपेशीय कवक. मैद्यातले विकर स्टार्चचे थोडे थोडे तुकडे करून साखर तयार करतात, किण्व ती साखर खातं आणि कार्बन डायऑक्साइड व अल्कोहोल बाहेर टाकतं. मळताना तयार झालेल्या ग्लुटेनच्या जाळ्यात तो वायू अडकतो आणि पीठ फुगतं. ही सगळी कामं विकरांची, आणि विकरांचा वेग तापमानावर ठरतो. साधारण १५ ते ३२ अंश सेल्सिअसच्या दरम्यान एक ढोबळ नियम चालतो : तापमान ८ ते १० अंशांनी वाढलं की वेग दुप्पट, म्हणजे वेळ निम्मा. तेवढंच उतरलं की वेळ दुप्पट.

हा नियम एका ठरावीक मापावर लावून बघू. मैदा ५०० ग्रॅम, पाणी ३२० ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅम, मीठ ९ ग्रॅम, साखर १५ ग्रॅम, तेल २५ ग्रॅम. यात लादीपावाचे १२ पाव होतात. खोली २७ अंशांवर असेल, म्हणजे पावसाळ्यातली पुणेरी दुपार धरा, तर पहिली फुगण सुमारे एका तासात होते. तीच खोली १८ अंशांवर आली की दोन तास, थोडे अधिकच. २२ अंशांना दीड तासाच्या आसपास. ३२ अंशांना चाळीसेक मिनिटं आणि ३६ ला अर्धा तास. हे आकडे अंदाजाचे आहेत. यीस्टचं पाकीट उघडून महिने झाले असतील, साखर जास्त असेल किंवा मीठ मुठीने पडलं असेल तर वेळ लांबतो.

वर मात्र हा नियम संपतो. ३८-४० अंशांच्या पुढे किण्वाचा वेग वाढायचा थांबतो आणि ५५-६० च्या आसपास ते मरतंच. खाली, फ्रिजमधल्या ४ अंशांना, ते मरत नाही, जवळजवळ झोपतं. म्हणून “पीठ लवकर फुगावं” म्हणून उकळतं पाणी घालणारा माणूस कायमचं नुकसान करतो, आणि फ्रिजमध्ये ठेवून विसरणारा फक्त उशीर करतो.

आता महत्त्वाची गोष्ट. आपण खोलीचं तापमान मोजतो, पण किण्वाला खोली ठाऊक नाही, त्याला ठाऊक आहे पिठाचं तापमान. पाऊण-एक किलोचा गोळा खोलीइतका गरम किंवा थंड व्हायला बराच वेळ घेतो. त्यामुळे मळून झाल्यावर पीठ किती अंशांवर आहे, यावर पहिला तास ठरतो. बेकरीवाले म्हणून पाण्याचं तापमान आधी काढतात. गणित इतकं सोपं आहे की सहावीच्या वर्गात फळ्यावर सोडवून घ्या. पिठाला साधारण २६ अंश हवेत. २६ ची तिप्पट ७८. त्यातून खोलीचं तापमान, मैद्याचं तापमान आणि हाताने मळताना वाढणारे दोनेक अंश वजा करा. उरलं ते पाण्याचं तापमान.

नाशिकचा डिसेंबर : खोली १८, मैदा १८, मळण्याचे २. बेरीज ३८. ७८ मधून ३८ गेले, उरले ४०. म्हणजे हाताला छान कोमट लागेल असं पाणी. जुलै : खोली २७, मैदा २७, मळण्याचे २, बेरीज ५६, पाणी २२ अंशांचं. नळाचं किंवा माठातलं चालेल. मे महिना : खोली ३६, मैदा ३५, मळण्याचे २, बेरीज ७३, पाणी ५ अंशांचं. सरळ फ्रिजमधल्या बाटलीतलं. आणि स्वयंपाकघर ४० अंशांवर असेल तर उत्तर शून्याच्या खाली येतं. मुलांना इथे गंमत वाटते, “सर, उणे पाणी कुठून आणायचं?” उत्तर सोपं आहे, मैद्याचा डबाच तासभर फ्रिजमध्ये ठेवायचा.

थंड पाणी वापरताना एक काळजी घ्या. इन्स्टंट यीस्ट आधी मैद्यात मिसळा, मग पाणी घाला. कोरडं यीस्ट थेट गार पाण्यात पडलं तर त्याची ताकद कमी होते. आणि मोजायला ताप बघायचा थर्मामीटर घेऊ नका, तो ३५ च्या खाली काही सांगत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेतली काचेची नळीही पिठात खुपसू नका. स्वयंपाकाचा सळईवाला थर्मामीटर मिळतो, तोच बरा.

थंडीत पीठ गोधडीत गुंडाळून ठेवायची आपल्याकडे सवय आहे, इडलीच्या पिठालाही आपण तेच करतो. गोधडी उष्णता देत नाही हो, आहे ती धरून ठेवते. बर्फाची लादी भुश्यात का ठेवतात, हे मुलांना विचारा, त्याच कारणाने. कोमट पाण्याने मळून २६ अंशांवर आलेलं पीठ गोधडीत ठेवलंत तर फायदा नक्की होतो. गार पाण्याने मळलेलं पीठ गोधडीत तसंच गार राहतं. त्यापेक्षा बंद ओव्हनमध्ये किंवा मायक्रोवेव्हमध्ये पिठाच्या बाजूला उकळत्या पाण्याचा पेला ठेवा आणि दार लावा. ओव्हन चालू करायचा नाही बरं का. पेला गार झाला की बदला.

उन्हाळ्यात प्रश्न उलटा. अर्ध्या तासात पीठ दुप्पट झालं तर काय वाईट, असं वाटेल. वाईट हे की वायू भराभर तयार होतो, पण पावाला जी चव येते तिला वेळ लागतो. शिवाय गरम पीठ सैल आणि चिकट होतं, पाव वळताना हाताला लागतं, मग आपण वरून मैदा लावत बसतो आणि पाव कोरडा होतो. दोन उपाय आहेत. यीस्ट निम्मं करा, ५ ऐवजी अडीच ग्रॅम, म्हणजे वेळ परत तासाच्या जवळ येतो. नाहीतर पीठ अर्धवट फुगल्यावर झाकून फ्रिजमध्ये ठेवा. पूर्ण फुगल्यावर मात्र ठेवू नका, कारण गोळा आतून गार व्हायला दोनेक तास जातात आणि तोवर ते फुगतच राहतं. मला विचाराल तर पहिला उपाय घरच्यासाठी सोपा. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात आणखी एक करा : पिठाला तेलाचा हात लावून भांड्यावर घट्ट झाकण ठेवा. नाहीतर वर पापुद्रा धरतो आणि पीठ त्याखाली अडकून पडतं.

मग घड्याळ नाही तर बघायचं कशाकडे? मळून झाल्यावर पिठाचा लिंबाएवढा गोळा काढून सरळ भिंतीच्या काचेच्या ग्लासात दाबून बसवा. जिथवर पीठ आहे तिथे रबरबँड लावा आणि त्याच्या दुप्पट उंचीवर दुसरा. ग्लास मोठ्या भांड्याच्या शेजारीच ठेवायचा. परातीत पसरलेलं पीठ ‘दुप्पट’ झालं का, हे डोळ्यांना कळत नाही, ग्लासात कळतं. लहान गोळा खोलीच्या तापमानाला लवकर येतो, त्यामुळे थंडीत ग्लास थोडा मागे आणि उन्हाळ्यात थोडा पुढे असतो, एवढं लक्षात ठेवा.

पाव वळून ट्रेमध्ये ठेवल्यावरच्या दुसऱ्या फुगणीला बोटाची परीक्षा. बोट मैद्यात बुडवून पावाच्या कडेला हलकं दाबा. खळगा लगेच भरून आला तर अजून थांबा. हळूहळू भरत आला आणि थोडी खूण उरली की ओव्हनमध्ये घाला. खळगा तसाच राहिला, किंवा आसपासचं पीठ बसलं, तर वेळ टळून गेली आहे. असे पाव भाजताना फुगत नाहीत, वरून सपाट होतात, रंगही फिका येतो, कारण रंग यायला लागणारी साखर किण्वाने आधीच खाल्लेली असते. वासही आंबूस, दारूसारखा येतो. पण ट्रेमध्ये घालण्याआधीच, ओट्यावर असतानाच, हे लक्षात आलं तर पीठ परत गोळा करा, पुन्हा वळा आणि पुन्हा थोडा वेळ फुगू द्या. अगदी पातळ, ताणलं की तुटणारं झालं नसेल तर सावरतं. उलट, कमी फुगलेला पाव आतून घट्ट, दमट लागतो आणि भाजताना कुठल्यातरी कडेला फाटतो.

दुसऱ्या फुगणीला २७ अंशांना ३५ ते ४५ मिनिटं पुरतात, मे महिन्यात वीस-पंचवीस. ओव्हन २०० अंशांवर यायला पंधरा मिनिटं लागतात. म्हणजे उन्हाळ्यात पाव वळून झाले की लगेच ओव्हन लावायला हवा, थंडीत अर्ध्या तासाने लावला तरी चालतो. नवशिक्याला १२ पाव वळायला दहा मिनिटं लागतात. थंडीत त्याने काही बिघडत नाही, पण ३६ अंशांना पहिला पाव बाराव्याच्या बराच पुढे गेलेला असतो. म्हणून उन्हाळ्यात न वळलेले गोळे ताटात झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि चार-चार बाहेर काढून वळा. बोटाची परीक्षाही मग पहिल्या पावावर करायची, शेवटच्या नाही.

वर्गात करून बघायचं असेल तर १५० ग्रॅम मैदा, अर्धा छोटा चमचा इन्स्टंट यीस्ट आणि १०० मिली पाणी कालवून तीन सारख्या ग्लासांत सारखं वाटा. एक शाळेच्या फ्रिजमध्ये, एक टेबलावर, एक ३५ अंशांच्या पाण्याच्या पातेल्यात. दर पंधरा मिनिटांनी पट्टीने उंची मोजून आलेख काढा. पातेल्यातलं पाणी गार होत जातं, तेव्हा मध्येच थोडं गरम पाणी घालायची जबाबदारी एका मुलावर द्या. हा तास दोन तासिकांचा धरा आणि मैदा सकाळीच कालवू नका, नाहीतर प्रार्थना संपेपर्यंत पातेल्यातला ग्लास ओसंडलेला असेल.