महंतांना पाठवायची ईमेल

‘आदरणीय महोदय, मी पीएच.डी. करत असून आपल्या संग्रहातील सर्व हस्तलिखिते पाहू इच्छितो. कृपया लवकरात लवकर परवानगी द्यावी.’ अशा ओळीने सुरू होणाऱ्या ईमेलला मठाकडून उत्तर येत नाही. आलंच तर ‘सध्या शक्य नाही’ एवढंच येतं. पाठवणाऱ्याला वाटतं, मठवाले जुन्या वळणाचे आहेत, पोथ्यांवर बसून राहिलेत. मठाच्या बाजूने पाहिलं तर वेगळं दिसतं. एका अनोळखी माणसाला घरातलं सगळं कपाट उघडून हवंय, कशासाठी ते तो सांगत नाही, आणि घाईही त्यालाच आहे.

महानुभाव पंथाचे मठ घेतले तर ही भीती कुठून आली ते नीट कळतं. चक्रधरस्वामींच्या आठवणींचं ‘लीळाचरित्र’ म्हाइंभटांनी शके १२०० च्या सुमारास, म्हणजे इ. स. १२७८ च्या आसपास, रिद्धपूरला सिद्ध केलं. पुढे पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहायला घेतले. त्यांतली सकळ लिपी सगळ्यांत जास्त चालली. अक्षरं ओळखीची दिसतात, पण एकाच्या जागी दुसरं वापरलेलं असतं, त्यामुळे किल्ली ठाऊक नसणाऱ्याला ओळ लागत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाड्यांनी ही किल्ली जगापुढे मांडली आणि पंथाबाहेरच्या अभ्यासाला वाट मिळाली. अभ्यासकांच्या दृष्टीने हा विजय होता. काही महंतांना मात्र घराचं कुलूप परक्याने उघडल्यासारखं वाटलं असेल, तर नवल नाही. पुढे वि. भि. कोलते यांनी संपादित केलेलं ‘लीळाचरित्र’ १९७८ साली निघालं. त्यातल्या काही मजकुरावर पंथातून आक्षेप आले आणि वाद न्यायालयापर्यंत गेला. म्हणून पोथी मागणाऱ्याच्या ईमेलकडे महंत तीन शंका मनात ठेवून पाहतात. पोथी खराब होईल का? यातलं वाक्य काढून उद्या आमच्याविरुद्ध वापरलं जाईल का? आणि या माणसापायी आमचे किती दिवस जातील? चांगली ईमेल या तिन्हींची उत्तरं न विचारता देते. आपलं संशोधन किती मोलाचं आहे यावर ती फार वेळ घालवत नाही.

शंका कमी करायचा सोपा मार्ग म्हणजे मागणी लहान करणं. एक उदाहरण घेऊ. ‘लीळाचरित्रा’चे एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध असे भाग आहेत. मूळ प्रत धाडीत हरवली आणि स्मरणावरून ग्रंथ पुन्हा सिद्ध करावा लागला, असं परंपरा सांगते. त्यामुळे निरनिराळ्या पोथ्यांत लीळांचा क्रम आणि शब्द जुळत नाहीत. समजा, एका विद्यार्थिनीला एवढंच पाहायचंय की एकांकातल्या लीळांचा क्रम दोन पोथ्यांत कुठे बदलतो. मग तिला संग्रह नको, पूर्ण ग्रंथही नको. एका पोथीतली एकांकाची पानं आणि शेवटची पुष्पिका एवढं पुरतं. पुष्पिका म्हणजे लेखकाने शेवटी लिहिलेला मजकूर. प्रत कोणी, कुठे, कधी उतरवली ते त्यात असतं. पोथीचं वय ठरतं ते बहुधा तिथूनच.

पुष्पिका आधी कळली तर प्रवासाआधीच बरंच काम होतं. तिथे ‘शके १५८२ शार्वरी संवत्सर’ असं असेल तर हिशेब तपासता येतो. शकात १२ मिळवायचे आणि ६० ने भागायचं. १५९४ ला ६० ने भागलं की बाकी ३४ राहते, आणि साठ संवत्सरांच्या यादीत चौतिसावं शार्वरीच आहे. म्हणजे शक आणि संवत्सर जुळले, वर्ष इ. स. १६६०-६१. जुळलं नाही तर नकलकाराची चूक आहे, किंवा कोणीतरी जुन्या प्रतीची पुष्पिका जशीच्या तशी उतरवली आहे. दुसरी शक्यता जास्त फसवते. म्हणून ईमेलमध्ये पुष्पिकेच्या पानाचा फोटो वेगळा, स्पष्ट शब्दांत मागावा. एका पानाचा फोटो मोबाइलवर पाठवणं मठाला जड जात नाही, आणि त्यातून ओळखही होते.

आता पत्र कसं असावं ते पाहू. पंथात एकमेकांना ‘दंडवत प्रणाम’ म्हणतात, सुरुवात त्यानेच करावी.

‘प. पू. महंत बाबाजींच्या चरणी दंडवत प्रणाम.

मी अमुक विद्यापीठात मराठी विभागात संशोधन करते. माझ्या मार्गदर्शकांचं पत्र सोबत जोडलं आहे. आपल्या मठात लीळाचरित्राची सकळ लिपीतली पोथी असल्याचं मला मार्गदर्शकांकडून कळलं. मला त्यातली फक्त एकांकाची पानं आणि पुष्पिका पाहायची आहे. लीळांच्या क्रमात कुठे फरक पडतो, एवढाच माझा प्रश्न आहे. पंथाच्या आचार-विचारांवर मत देणं हा या कामाचा विषय नाही. मला सकळ लिपी वाचता येते, त्यामुळे वाचून दाखवण्यासाठी कोणाला थांबावं लागणार नाही.

पोथी मठाबाहेर नेणार नाही. आपण सांगाल त्या खोलीत, आपल्यापैकी कोणी समोर असताना पाहीन. हात धुऊन, कोरडे करून पानं हाताळीन. लिहायला पेन्सिलच वापरीन. फोटो घ्यायचे की नाही हे आपण ठरवावं. घेतले तर फ्लॅशशिवाय घेईन, आणि सगळ्या फोटोंची प्रत त्याच दिवशी मठाला देईन. जी पानं दाखवणं योग्य वाटणार नाही ती मी मागणार नाही. छापण्याआधी मठातल्या पोथीबद्दलचा मजकूर आपल्याला वाचायला पाठवीन.

मार्गशीर्षानंतर आपल्या सोयीचे दोन दिवस सांगावेत. पुढच्या आठवड्यात मी फोन करीन.’

खाली नाव, पत्ता, फोन. एवढं पुरे.

या पत्रातला सगळ्यांत महत्त्वाचा शब्द ‘फक्त’ आहे. दुसरा महत्त्वाचा भाग म्हणजे मार्गशीर्षाची अट, आणि तिला कारण आहे. भाद्रपद शुद्ध द्वितीयेला चक्रधरस्वामींचा अवतारदिन असतो, तेव्हा मठ गजबजलेला असतो. शिवाय पावसाळ्यात पोथी उघडणंच बरं नाही. जुनी शाई बहुधा काजळ आणि डिंकाची. हवा दमट झाली की डिंक मऊ होतो, कागद ओल ओढतो आणि समोरासमोरची पानं एकमेकांना धरतात. अशी चिकटलेली पानं नखाने सोडवायला गेलं की अक्षरं पलीकडच्या पानावर जातात. ती तशीच ठेवून ‘पान अमुक ते तमुक चिकटलेली’ एवढं टिपून पुढे जायचं. सोडवण्याचं काम जतन करणाऱ्या माणसाचं.

हाताळणीबद्दल पत्रात चार वाक्यं असली तरी ती खरी असायला हवीत. पांढरे हातमोजे घालीन असं लिहिलं की छान वाटतं, पण कागदाच्या पोथीला ते बरे नाहीत. मोज्यात बोटांना पानाची कड जाणवत नाही, आणि फाटलेल्या कडेत सुताचा धागा अडकतो. स्वच्छ, कोरडे हात हेच चांगलं. सॅनिटायझर लावून लगेच पान धरू नये, आणि बोट ओठाला लावून पान उलटण्याची सवय घरीच सोडून यावी. ती सवय पोथीला वाईट आणि माणसालाही. जुन्या पोथीत चुकलेल्या अक्षरावर पिवळा हरताळ लावलेला असतो, आणि हरताळात आर्सेनिक असतं.

पोथी सुट्या पानांची आहे की शिवलेलं बाड, हे विचारून घ्यावं. सुटी पानं असतील तर पाहिलेली आणि न पाहिलेली अशा दोनच चवडी ठेवायच्या, क्रम मोडायचा नाही. बाड असेल तर ते सपाट उघडायचं नाही. दोन्ही बाजूंना घडी केलेलं कापड लावलं की शिवण ताणली जात नाही. स्कॅनरवर पालथं घालून दाबणं तर नकोच. खिडकीच्या उजेडात, ऊन थेट पडणार नाही अशा जागी, स्टँडवरच्या मोबाइलने काम भागतं. चौकटीत एक छोटी पट्टी ठेवली की पानाचं माप फोटोतच येतं. बासनात वेखंड किंवा सुकलेला कडुनिंब असेल तर तो कचरा समजून झटकू नये, कोणीतरी किडीसाठी ठेवलेला असतो.

पत्र कोणाला लिहायचं, इथे बरेच जण चुकतात. मठ किंवा देवस्थान बहुधा सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेलं असतं, त्यामुळे महंतांइतकाच विश्वस्तांचा शब्द लागतो. दोघांना एकच पत्र पाठवावं आणि दोघांना पाठवल्याचं त्यात सांगावं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात ७५ वर्षांहून जुनी, मोलाची हस्तलिखितं येतात. त्यामुळे ‘पोथी दोन दिवस घरी नेतो’ हे संबंध कितीही जवळचे असले तरी विचारू नये. जबाबदार विश्वस्त हे ऐकून सावधच होईल.

आणखी एक साधी गोष्ट. ईमेल उघडणारा माणूस बहुधा मठातला एखादा तरुण साधक असतो. तो ती छापून महंतांपुढे ठेवतो. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं पत्र त्याच्या संगणकावर उघडलं की अक्षरांचा काला होतो. म्हणून युनिकोडमध्ये लिहावं, एका पानाची पीडीएफ जोडावी, आणि तेच पत्र टपालानेही धाडावं. उत्तर आलं नाही तर दुसरी ईमेल पाठवण्यात अर्थ नाही, फोन करावा. नकार आला तर वाद घालू नये. ‘पुष्पिका तरी वाचून दाखवाल का?’ एवढं विचारता येतं, आणि पुष्कळदा त्याला होकार मिळतो. तोवर दुसऱ्या प्रती शोधाव्यात. आय. एम. पी. रेसाइड यांनी १९६० साली महानुभाव ग्रंथांची सूची छापली आहे, शोध तिथून सुरू करता येतो. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थाही आहेत.

काम झाल्यावर आभार मानण्याचा प्रश्न येतो. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्यातल्या भांडारकर संस्थेवर जमावाने हल्ला केला. वादग्रस्त पुस्तकाच्या ऋणनिर्देशात संस्थेशी संबंधित अभ्यासकांची नावं होती, एवढं कारण त्याला पुरलं. तेव्हापासून पोथ्या सांभाळणाऱ्या अनेकांना आभाराच्या पानाचीही धास्ती वाटते. म्हणून मठाचं नाव द्यायचं का, कसं द्यायचं, पोथीचा क्रमांक छापायचा का, हे प्रबंध सादर करण्याआधी पुन्हा एकदा लेखी विचारावं. ‘नाव नको’ असं उत्तर आलं तर ‘विदर्भातील एका मठातील प्रत’ एवढंच छापावं आणि खरा तपशील मार्गदर्शकांकडे बंद पाकिटात ठेवावा.