पिंजरा नव्हे, हक्काचा आसरा

चतुर्थीच्या दिवसांत फटाक्यांचा आवाज सुरू झाला की घरातला कुत्रा पलंगाखाली किंवा कपाटामागे शिरतो. तीन बाजूंनी बंद असलेली जागा त्याला सुरक्षित वाटते. क्रेट, म्हणजे दार असलेला पिंजरा, त्याच्या या स्वभावाचा उपयोग करून घेतो. मात्र शिक्षा म्हणून त्यात कोंडू लागल्यास त्याच आसऱ्याची कोठडी होते.

पिंजरा कुत्र्याला ताठ उभे राहता येईल, वळता येईल आणि पाय पसरून झोपता येईल एवढा असावा. पिल्लासाठी तो फार मोठा घेतल्यास ते एका कोपऱ्यात झोपते व दुसऱ्यात लघवी करते. म्हणून मधोमध आडोसा लावावा. आपल्याकडच्या उकाड्यात तो उन्हापासून दूर, वारा खेळेल अशा जागी, घरातल्या माणसांच्या जवळ ठेवावा.

समजा, तीन महिन्यांचे गावठी पिल्लू घरी आले आहे. पहिले दोन-तीन दिवस दार उघडेच बांधून ठेवावे आणि आत खाऊ टाकत राहावे. पिल्लाला आत ढकलू नये. आत जाणे व बाहेर येणे त्याच्या मर्जीवर सोडावे. ते बिनधास्त आत जाऊ लागले की जेवणाचे ताट आत, अगदी मागच्या बाजूला ठेवावे. त्यानंतर ते जेवत असताना दार लोटावे आणि जेवण संपण्याआधीच उघडावे. मग जेवणानंतर दहा सेकंद, अर्धा मिनिट, दोन मिनिटे असा अवधी वाढवावा. पिल्लू शांत राहू लागल्यावरच क्षणभर खोलीबाहेर जावे. एखाद्या पायरीवर ते अस्वस्थ झाले, तर आधीच्या पायरीवर परतावे. दार लावण्यापूर्वी गळपट्टा काढावा. तो गजांत अडकू शकतो.

या वयाचे पिल्लू दिवसा साधारण तीन तासांपेक्षा अधिक लघवी रोखू शकत नाही. रात्रीही त्याला एकदा तरी बाहेर न्यावे लागते. दिवसभर घर बंद असेल, तर पिंजरा हा त्यावरचा उपाय नव्हे.

थोडी कुरकुर एक-दोन मिनिटांत शमते. मात्र सतत धापा टाकणे, लाळेने छाती भिजणे, गज चावून हिरड्या किंवा नखे रक्ताळणे ही घबराटीची लक्षणे आहेत. अशा वेळी ‘रडून गप्प होईल’ म्हणून थांबू नये. दार उघडावे आणि पशुवैद्यांचा सल्ला घ्यावा. एकटेपणाची भीती पिंजऱ्याने बरी होत नाही, उलट वाढते.

हे शिक्षण फटाक्यांच्या आदल्या दिवशी सुरू करून उपयोग नाही. हाती काही आठवडे हवेत. प्रत्यक्ष आतषबाजीच्या वेळी पिंजऱ्यावर तीन बाजूंनी सुती चादर टाकावी व दार उघडे ठेवावे. कोणी न सांगता कुत्रा आपणहून आत जाऊन पहुडला, तर ती जागा त्याने आपली मानली, असे समजावे.