समन्स घेतलं नाही, म्हणून दावा थांबत नाही

न्यायालयाचा बेलीफ दाराशी आला की अनेक घरांत एकच सल्ला मिळतो: घेऊ नका, सही करू नका, म्हणजे केस पुढे जाणार नाही. या सल्ल्यामुळे माणसाचं जितकं नुकसान होतं, तितकं कित्येकदा मूळ दाव्यामुळेही होत नाही. समन्स घ्यायला नकार दिला, तर बेलीफ त्याची प्रत दारावर चिकटवतो आणि तसा अहवाल न्यायालयात देतो. टपालाने आलेलं समन्स ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून परत गेलं, तर ते बजावलं गेलं असंच न्यायालय धरतं. घरातल्या माणसाकडे प्रतिवादी नसताना दिलेलं समन्सही चालतं. ती व्यक्ती सज्ञान आणि त्याच घरात राहणारी असली म्हणजे झालं, मग ती पत्नी असो, मुलगा असो वा आई. घरकामाला येणारी व्यक्ती मात्र कायद्याने कुटुंबात धरलेली नाही.

समजा, कराडमधल्या एका दुकानदाराने ओळखीच्या माणसाकडून चार लाख रुपये हातउसने घेतले. त्यातले अडीच लाख त्याने बँकेमार्फत परत केले. पुढे दोघांचं बिनसलं आणि समोरच्याने ‘एक रुपयाही मिळाला नाही’ म्हणत पूर्ण चार लाखांचा दावा लावला. समन्स 10 जूनला घरी आलं आणि पत्नीने सही करून घेतलं. तारीख होती 28 जून.

हातात समन्स पडलं की आधी चार गोष्टी पाहाव्या लागतात: न्यायालयाचं नाव, दाव्याचा क्रमांक, तारीख आणि सोबत जोडलेली दाव्याची प्रत. न्यायालयाचा शिक्का आणि सही आहे का, हेही बघावं. शंका आली तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर दाव्याचा क्रमांक किंवा पक्षकाराचं नाव टाकून खात्री करता येते. समन्स कोणत्या दिवशी मिळालं, ते त्यावरच लिहून ठेवावं, कारण पुढची सगळी मुदत त्या दिवसापासून मोजली जाते. लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला प्रतिवादीचं उत्तर, 30 दिवसांत द्यायची असते. दुकानदाराची ही मुदत 10 जुलैला संपते. कारणं नोंदवून न्यायालय ती 90 दिवसांपर्यंत, म्हणजे 8 सप्टेंबरपर्यंत वाढवू शकतं. साध्या दाव्यात अगदी सबळ कारण असेल तर त्यानंतरही कैफियत घेतली जाते, पण त्या भरवशावर कोणी राहू नये. व्यापारी दाव्यांत 120 दिवस उलटले की दार बंदच होतं.

28 जूनला कैफियत तयार नसली तरी चालतं, हजेरी मात्र लागतेच. वकीलपत्र दाखल करायचं आणि मुदतीचा अर्ज द्यायचा, एवढं त्या दिवसाचं काम. वकील करण्याची ऐपत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे मोफत वकिलासाठी अर्ज करता येतो. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना ही मदत उत्पन्न न पाहता मिळते. वकीलपत्र दिल्यानंतरही पुढची तारीख पक्षकाराने स्वतः ई-कोर्ट्सवर पाहत राहावी. ‘वकील बघतील’ म्हणून निर्धास्त राहिल्यामुळे एकतर्फा निकाल लागलेली माणसं थोडी नाहीत.

एक अपवाद नीट लक्षात ठेवायला हवा. धनादेश, वचनचिठ्ठी किंवा लेखी करारावरच्या रकमेसाठी ‘संक्षिप्त दावा’ लावता येतो. त्यात समन्स मिळाल्यापासून फक्त 10 दिवसांत हजेरी नोंदवावी लागते. ती चुकली तर वादीला थेट हुकूमनामा मागता येतो. म्हणून समन्सचा मजकूर शेवटच्या ओळीपर्यंत वाचायलाच हवा.

आपला दुकानदार 28 जूनला गेला नाही. न्यायालयाने दावा त्याच्याविरुद्ध एकतर्फा चालवण्याचा आदेश केला. हा निकाल नव्हे. 1955 साली न्यायमूर्ती विव्हियन बोस यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात स्पष्ट केलं होतं, की ‘एकतर्फा’ म्हणजे फक्त दुसऱ्या पक्षाच्या गैरहजेरीत. ती शिक्षा नाही. प्रतिवादी पुढच्या तारखेला आला तर दावा ज्या टप्प्यावर असेल तिथून त्याला भाग घेता येतो. गैरहजेरीचं योग्य कारण दाखवलं तर न्यायालय तो आदेशच मागे घेऊन त्याला सुरुवातीपासून ऐकू शकतं. सगळ्यात स्वस्तात गाडी रुळावर येते ती याच टप्प्यात. पण युक्तिवाद संपून दावा निकालासाठी ठेवला गेला, की ही वाट मिटते.

ऑगस्टमध्ये वादीने शपथपत्रावर सरतपास दिला आणि उसनवारीचा कागद हजर केला. उलटतपास घ्यायला समोर कोणी नव्हतं. प्रतिवादी आला नाही म्हणून डोळे मिटून हुकूमनामा देऊ नये, पुरावा तपासावा, असं सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये बजावलं आहे. तरीही न्यायाधीशांपुढे जे आलं, तेवढंच ते तपासू शकतात. अडीच लाखांचा व्यवहार दाखवणारं बँकेचं पासबुक दुकानाच्या कपाटातच पडून होतं. 14 ऑक्टोबरला पूर्ण चार लाख, व्याज आणि दाव्याचा खर्च असा हुकूमनामा झाला.

दुकानदाराला त्याचा पत्ता लागला तो थेट जानेवारीत, बँक खातं जप्त झाल्यावर. वादीने दरखास्त लावली होती. दोन वर्षांच्या आत दरखास्त आली, तर रकमेच्या वसुलीत जप्तीपूर्वी नोटीस द्यावीच असं सहसा बंधन नसतं.

आता उरतो तो हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 9, नियम 13 खाली. त्याला दोनच कारणं चालतात: समन्स नीट बजावलं गेलं नव्हतं, किंवा त्या तारखेला हजर न राहण्यास पुरेसं कारण होतं. मुदत 30 दिवसांची असते. ती कधीपासून मोजायची, इथेच सगळी मेख आहे. समन्स जुन्या, सोडलेल्या पत्त्यावर गेलं असतं, तर 30 दिवस हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून, म्हणजे जानेवारीपासून धरले असते. पण इथे पत्नीची सही आहे, बजावणी योग्य आहे. त्यामुळे मुदत हुकूमनाम्याच्या दिवसापासून धावली आणि 13 नोव्हेंबरला संपली. 28 जूनला तो रुग्णालयात दाखल होता, याची कागदपत्रं त्याच्याकडे आहेत. पण डिस्चार्ज मिळाल्यानंतर जानेवारीपर्यंत चौकशी का केली नाही, हेही विलंबमाफीच्या अर्जात पटवून द्यावं लागेल. बजावणीतल्या किरकोळ त्रुटीवरही भिस्त ठेवता येत नाही. तारीख माहीत होती आणि यायला वेळ होता असं दिसलं, तर त्रुटी असूनही हुकूमनामा टिकतो.

दुसरी वाट अपिलाची. जिल्हा न्यायालयात त्याची मुदत 30 दिवस. महाराष्ट्रातल्या एका वाटपाच्या दाव्यात 2008 साली एकतर्फा हुकूमनामा झाला होता. प्रतिवादींनी आधी तो रद्द करण्याचा अर्ज दिला. तो फेटाळल्यावर ते उशिराने अपिलात गेले. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अपिलाची संधी दिली. या दोन्ही वाटा स्वतंत्र आहेत आणि पहिल्या वाटेवर प्रामाणिकपणे गेलेला वेळ विलंबमाफीसाठी विचारात घेता येतो, असं न्यायालय म्हणालं. उलटा क्रम मात्र धोक्याचा. अपील गुणवत्तेवर फेटाळलं गेलं, की हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज चालतच नाही. शिवाय नुसता अर्ज केल्याने जप्ती थांबत नाही, त्यासाठी वेगळी स्थगिती मागावी लागते.

दुकानदाराचा अर्ज मंजूर झालाच, तरी न्यायालय त्याला वादीचा खर्च द्यायला किंवा काही रक्कम न्यायालयात भरायला सांगू शकतं. त्यानंतर दावा पुन्हा मूळ क्रमांकावर येईल, लेखी कैफियत दाखल होईल आणि बँकेचं पासबुक पहिल्यांदा न्यायाधीशांपुढे जाईल.