कोणता शब्द उडवायचा?

26 ऑक्टोबर 2015 रोजी फ्रान्समधल्या लियों शहरातून एक बातमी जगभरच्या वृत्तपत्रांत पोहोचली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने दहा देशांतल्या 22 तज्ज्ञांना बसवून मांसाहार आणि कर्करोग यांच्यावरचे 800हून अधिक अभ्यास तपासले होते. ही बातमी मराठी दैनिकाच्या डेस्कवर आली आहे आणि उपसंपादकाने पहिल्या झटक्यात असा मथळा लिहिला आहे, असे धरू:

‘सॉसेज, बेकन यांसारखे प्रक्रिया केलेले मांस रोज खाल्ल्याने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढत असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने म्हटले आहे’

यात चूक काहीच नाही. पण हा मथळा नव्हे, बातमीचा पहिला परिच्छेद झाला. पानावर जागा आहे तीन कॉलमची, दोन ओळींची. म्हणजे सात-आठ शब्द.

आता कात्री कुठे चालवायची? पहिल्यांदा जाते ते शेपूट. ‘असल्याचे म्हटले आहे’ हे तीन शब्द मराठी बातमीच्या अंगवळणी पडलेले आहेत, मथळ्यात त्यांचे काही काम नाही. संस्थेचे लांबलचक नावही खाली बातमीत सरकवता येते. उरते ते ‘प्रक्रिया केलेले मांस रोज खाल्ल्याने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो’. हेही दहा शब्द आहेत. खरी परीक्षा इथून पुढे सुरू होते, कारण आतापर्यंत कापले ते बातमीचे कपडे होते. यापुढे हाडाला लागते.

घाईतल्या माणसाला इथे तीन शब्द फुकटचे वाटतात: ‘प्रक्रिया केलेले’, ‘रोज’ आणि ‘धोका’. ते काढले की ‘मांस खाल्ल्याने कर्करोग’ असा तीन शब्दांचा दणदणीत मथळा मिळतो. त्यात बातमीतला एकही शब्द खोटा नाही, तरी मथळा खोटा आहे. प्रक्रिया केलेले मांस म्हणजे खारवलेले, धुरी दिलेले, टिकाऊ केलेले. आपल्याकडे ‘मांस’ म्हटले की डोळ्यांपुढे रविवारचे मटण येते, बेकन येत नाही. ‘रोज’ काढला की कधीतरी हॉटेलात सॉसेज खाणाराही घाबरतो. आणि ‘धोका’ काढला की शक्यतेचा निकाल होतो.

म्हणून मी असे शब्द मथळ्याचे कुंपण मानतो. बातमी कुठपर्यंत खरी आहे आणि कुठे संपते, हे ते सांगतात. किती, कोणाला, कधी, किती खात्रीने. ‘प्रस्ताव’, ‘आरोप’, ‘अंतरिम’, ‘उंदरांवर’ हे याच जातीचे शब्द. दिसायला रोडके, म्हणून आधी त्यांचाच बळी जातो. 2019 मध्ये जेम्स हेदर्स या शास्त्रज्ञाने ट्विटरवर @justsaysinmice नावाचे खाते उघडले. औषध सापडले, आजार बरा झाला अशा बातम्या तो पुढे पाठवायचा आणि वर मोठ्या अक्षरांत एवढेच लिहायचा: ‘उंदरांमध्ये’. मथळा लिहिणाऱ्याने उडवलेला शब्द परत जागेवर ठेवायचा, एवढाच त्याचा उद्योग.

मग कुंपण ठेवून कापायचे कसे? अवजड शब्दप्रयोगाच्या जागी नेमका, ओळखीचा शब्द आणायचा. ‘प्रक्रिया केलेले मांस’ वाचून सामान्य वाचकापुढे चित्र उभे राहत नाही. ‘सॉसेज, बेकन’ म्हटले की राहते आणि मटणाशी घोटाळाही होत नाही. ‘मोठ्या आतड्याच्या’ऐवजी नुसते ‘आतड्याच्या’ चालेल. नेमकेपणा थोडा कमी होतो, पण वाचक चुकीच्या वाटेला लागत नाही आणि बातमीची पहिलीच ओळ ती उणीव भरून काढते. तेव्हा मथळा होतो:

‘रोज सॉसेज, बेकन खाल्ल्यास आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो’

आठ शब्द. ‘खाल्ल्यास’मधला ‘-ल्यास’ आणि ‘वाढतो’मधला ‘-तो’ यांच्याकडे लक्ष द्या. मराठीची ही मोठी सोय आहे, अट आणि काळ एकेका प्रत्ययात मावतात. ‘पाणीपट्टीत दहा टक्के वाढ’ या मथळ्यात क्रियापद नाही, त्यामुळे वाढ झाली, होणार की कोणी नुसती सुचवली हे कळत नाही. प्रस्ताव फक्त स्थायी समितीपुढे आला असेल, तर ‘वाढीचा प्रस्ताव’ एवढे लिहायला एकच शब्द जास्त लागतो. त्याऐवजी ‘पाणीपट्टी वाढणार?’ असे प्रश्नचिन्ह लटकवणारे पुष्कळ आहेत. ज्याचे उत्तर बातमीतच नाही तो प्रश्न वाचकाला विचारण्यात मला तरी हुशारी दिसत नाही.

लियोंच्या बातमीत 18 टक्के हा आकडा होता आणि तो मथळ्यात घ्यायचा मोह अनावर होता. संस्थेचे म्हणणे असे की, रोज 50 ग्रॅम प्रक्रिया केलेले मांस खाल्ले तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे 18 टक्क्यांनी वाढतो. मथळ्यात ‘धोका 18 टक्के’ छापले की वाचक समजतो, शंभरातल्या अठरा जणांना होणार. प्रत्यक्षात मूळचा धोका जेवढा, त्याचे 18 टक्के. कॅन्सर रिसर्च यूके या संस्थेने ब्रिटनमधले आकडे घेऊन हे सोपे करून दाखवले होते. असे मांस सर्वांत कमी खाणाऱ्या हजार जणांमध्ये आयुष्यभरात साधारण 56 जणांना हा कर्करोग होईल, तर सर्वांत जास्त खाणाऱ्या हजारांमध्ये 66 जणांना. हे दोन आकडे बातमीत हवेत. मथळ्यात ते मावणार नाहीत, म्हणून मथळ्यात टक्केवारीही नको.

त्याहून मोठी फसगत झाली ती तंबाखूमुळे. संस्थेने प्रक्रिया केलेल्या मांसाला पहिल्या गटात टाकले होते आणि तंबाखू, ॲस्बेस्टॉस त्याच गटात आहेत. अनेक ठिकाणी मथळ्यातच मांस सिगारेटच्या पंगतीला बसले. पण हा गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, पदार्थ किती घातक आहे ते नव्हे. आरोग्य संघटनेने त्याच वेळी दिलेल्या अंदाजानुसार असा आहार जगात वर्षाला सुमारे 34 हजार कर्करोग-मृत्यूंना कारण ठरत असावा, तंबाखू मात्र सुमारे दहा लाखांना. तीन दिवसांनी संघटनेला खुलासा करावा लागला की, आम्ही हे मांस खाणे बंद करा असे म्हटलेले नाही.

आणि पोर्टलांवरचा तो ‘या’? ‘तुम्हीही खाता का “हा” पदार्थ? होऊ शकतो कर्करोग!’ इथे शब्द कापलेला नाही, लपवलेला आहे. सॉसेज न खाणाऱ्या माणसालाही दार उघडायला लावायचे, एवढाच हेतू. छोटा मथळा आणि हा मथळा यांतला फरक ओळखायला सोपा आहे. पहिला वाचून बातमी न उघडताही काहीतरी कळते, दुसरा वाचून काहीच नाही.

फोनवर आणखी एक अडचण येते. नोटिफिकेशनमध्ये लांब मथळा मध्येच तुटतो. त्यामुळे कुंपणाचा शब्द शेवटी ठेवला तर तो पडद्याबाहेर जातो. आपल्या मथळ्यात ‘रोज’ पहिलाच आहे, हे बरे झाले.

छपाईला सोडण्याआधी मथळा शेजारच्या टेबलावरच्या, बातमी न वाचलेल्या सहकाऱ्याला दाखवायचा आणि विचारायचे, ‘सांग, काय झालंय?’ तो जे सांगेल ते बातमीशी ताडून पाहायचे. सॉसेजचा मथळा वाचून तो बहुधा म्हणेल, ‘रोज खाणाऱ्यांचं ठीक आहे, पण आमच्या मटणाचं काय?’

प्रश्न रास्त आहे. संस्थेने मटणासह लाल मांस ‘बहुधा कर्करोगकारक’ अशा वेगळ्या गटात ठेवले होते, पुरावा तुलनेने कमी पक्का म्हणून. मथळ्यात त्याला जागा नाही. खाली उपशीर्षकाची एक ओळ रिकामी आहे, तिथे ते जाईल: ‘मटणाबाबतचा पुरावा मर्यादित’.