रक्त कमी, लोह पुरेसं

सीबीसीचा रिपोर्ट हातात आला की बहुतेकांची नजर पहिल्या ओळीवर जाते आणि तिथेच थांबते. हिमोग्लोबिन १०.६. 'रक्त कमी आहे' एवढं बोलून लोहाच्या गोळ्या सुरू होतात. आपल्याकडे हा अंदाज पुष्कळदा बरोबर निघतो. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या, आणि त्यामागे लोहाची कमतरता हे मोठं कारण आहे. त्या बायकांना गोळी हवीच. पण हिमोग्लोबिनवरून लोहाचा साठा मोजता येत नाही, आणि हा फरक ज्यांच्या बाबतीत फार महागात पडतो अशा दोन आजारांबद्दल मला लिहायचं आहे. एकात हिमोग्लोबिन कमी असतं आणि लोह पुरेसं असतं. दुसऱ्यात हिमोग्लोबिन उत्तम असतं आणि लोह जिवावर उठेल इतकं साठलेलं असतं.

दोन्ही समजून घ्यायला शरीराचा लोहाचा हिशोब आधी पाहू. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण ३ ते ४ ग्रॅम लोह असतं. रोज झडणाऱ्या पेशींबरोबर त्यातलं जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम बाहेर जातं, पाळी येणाऱ्या बायकांचं थोडं जास्त. जादा लोह लघवीतून किंवा घामातून काढून टाकण्याची सोय शरीरात नाही. म्हणून सगळं नियंत्रण आत येण्याच्या जागी, लहान आतड्यात आहे. साठा भरला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक सोडतं आणि आतड्याच्या पेशींतून रक्तात जाण्याचं लोहाचं दार बंद होतं. साठा आटला की हेप्सिडिन घटतं आणि दार उघडतं. हेप्सिडिनचा शोध अगदी अलीकडचा, २०००च्या आसपासचा.

हिमोक्रोमॅटोसिसमध्ये बिघाड इथेच असतो. आयर्लंड, ब्रिटन आणि उत्तर युरोपातल्या लोकांत हा आजार जास्त आढळतो. त्यामागचं एचएफई हे जनुक १९९६मध्ये सापडलं. त्यातला सी२८२वाय हा बदल आई आणि बाप अशा दोघांकडून आला, तर साठा कितीही भरला तरी यकृत पुरेसं हेप्सिडिन सोडत नाही. दार उघडंच राहतं. रोज २ मिलिग्रॅम लोह गरजेपेक्षा जास्त आत आलं तर वर्षाचे सुमारे ७०० मिलिग्रॅम होतात आणि दहा वर्षांत ७ ग्रॅम. हे लोह यकृतात, स्वादुपिंडात, हृदयात आणि सांध्यांत साठतं. रक्तातल्या वाहक प्रथिनाची क्षमता संपली की मोकळं लोह पेशींच्या आवरणांना जाळत जातं. पन्नाशीच्या आसपास मग यकृत घट्ट होणं, मधुमेह, हृदयाचे अनियमित ठोके, तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळाशी दुखणारे सांधे अशी लक्षणं वेगवेगळ्या डॉक्टरांसमोर वेगवेगळी उभी राहतात. पाळीतून लोह जात असल्याने बायकांमध्ये हे सगळं बहुधा उशिरा, पाळी थांबल्यानंतर दिसतं.

यातली क्रूर गोष्ट अशी की या आजाराचं पहिलं लक्षण पुष्कळदा नुसता थकवा असतो. आणि थकवा आला की माणूस स्वतःहूनच दुकानात जाऊन लोहाचं टॉनिक आणतो. निरोगी माणसाचा साठा भरलेला असेल तर आतडं त्या गोळीतलं बरंचसं लोह आत घेत नाही. हिमोक्रोमॅटोसिसच्या रुग्णाकडे ही आडकाठीच नसते, त्यामुळे बाहेरून दिलेला प्रत्येक डोस साठ्यात भर घालतो. सोबत क जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या असतील तर शोषण आणखी वाढतं. या आजारावरचा उपाय बरोबर उलटा आहे: दर आठवड्याला सुमारे अर्धा लिटर रक्त काढायचं. एका वेळी २०० ते २५० मिलिग्रॅम लोह बाहेर जातं. १० ग्रॅम जास्तीचं लोह साठलेल्या माणसाला अशा चाळीसहून जास्त खेपा लागतात, म्हणजे जवळजवळ वर्ष. टॉनिकने वर्षानुवर्षं भरत राहिलेलं असं सुईने उपसावं लागतं. यकृत कायमचं खराब होण्याआधी हे सुरू झालं तर माणूस पुढे नीट जगतो.

सी२८२वाय हा बदल भारतीयांमध्ये जवळपास सापडत नाही. त्यामुळे मराठी वाचकाने हिमोक्रोमॅटोसिसची धास्ती घेण्याचं कारण नाही. आपल्या घरात जो प्रश्न खरोखर येतो तो दुसरा आहे: बीटा थॅलेसेमिया मायनर. भारतात सरासरी शंभरातली तीन ते चार माणसं याची वाहक आहेत. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली या समाजांत प्रमाण जास्त आहे, पण आडनावावरून कुणालाही वगळता येत नाही.

हिमोग्लोबिन दोन गोष्टींनी बनतं, लोह धरणारा हीम आणि ग्लोबिन हे प्रथिन. मायनरमध्ये बीटा ग्लोबिन बनवणाऱ्या दोन जनुकांपैकी एक नीट काम करत नाही. माल कमी पडतो तो प्रथिनाचा. पेशी लहान आणि फिक्या होतात, आणि लोहाच्या कमतरतेतही त्या अशाच दिसतात. म्हणूनच गफलत होते.

एक उदाहरण घेऊ. आकडे नेहमी दिसणाऱ्या रिपोर्टच्या घडणीचे आहेत, कुणा एकीचे नव्हेत. उल्हासनगरमधली सव्वीस वर्षांची तरुणी, दोन महिन्यांची गरोदर. हिमोग्लोबिन १०.६. कॉलेजात असल्यापासून 'अशक्तपणा' म्हणून अधूनमधून गोळ्या चालूच, आणि आकडा १०-११च्या पुढे कधीच गेलेला नाही. तिच्याच रिपोर्टच्या खालच्या ओळी वाचू. तांबड्या पेशींची संख्या ५.६ दशलक्ष, म्हणजे चक्क जास्त. एमसीव्ही, म्हणजे पेशीचं सरासरी आकारमान, ६१. ते ८०च्या वर हवं. एमसीव्हीला पेशींच्या संख्येने भागलं तर येतात १०.९. हा भागाकार डब्ल्यू. सी. मेन्ट्झर यांनी १९७३मध्ये सुचवला: १३च्या खाली आला तर मायनरचा संशय धरा, वर गेला तर लोहाची कमतरता जास्त संभवते.

शेजारी लोह खरोखर कमी असलेल्या बाईचा रिपोर्ट ठेवा. हिमोग्लोबिन ८, एमसीव्ही ६८, पेशी ३.९ दशलक्ष, भागाकार १७.४. कच्चा मालच नाही, म्हणून अस्थिमज्जा पेशीही कमी बनवते. पहिल्या तरुणीची मज्जा मात्र लहान लहान पेशी भरपूर बनवून उणीव भरून काढू पाहते. हा भागाकार फक्त इशारा देतो, त्यावर निदान करायचं नाही. कितीतरी वाहकांचा आकडा १३च्या वर येतो, आणि दोन्ही गोष्टी एकाच बाईत असल्या तर तो पार फसवतो.

निकाल लागतो दोन तपासण्यांनी. फेरिटिन लोहाचा साठा सांगतं. या तरुणीचं आलं १४०, म्हणजे साठा पुरेसा. (अंगात ताप किंवा जंतुसंसर्ग असेल तर फेरिटिन खोटं वाढतं, हे लक्षात ठेवायला हवं.) दुसरी एचपीएलसी पद्धतीची तपासणी. तिच्यात हिमोग्लोबिन ए-२ आलं ५.३ टक्के. ३.५च्या खाली ते सर्वसाधारण, ४च्या वर मायनर जवळपास नक्की. मधल्या पट्ट्यात सावध राहावं लागतं, कारण लोह फार कमी असेल तर ए-२ खाली ओढलं जातं आणि वाहक निसटू शकतो. एरवी अशा वेळी आधी लोह भरून काढून तपासणी पुन्हा करतात. गरोदरपणात तेवढा वेळ नसतो. तिथे थेट नवऱ्याची तपासणी करावी.

कारण अंदाजाने दिलेल्या गोळीचा सगळ्यात मोठा धोका इथे आहे, आणि तो लोहाचा नाहीच. वर्षानुवर्षं गोळी चालू राहिल्याने प्रश्नाला उत्तर मिळाल्यासारखं वाटलं, आणि निदान झालंच नाही. तिच्या नवऱ्याला तर कुणी कधी अशक्त म्हटलंच नव्हतं. त्याचं हिमोग्लोबिन १३.१, पुरुषासाठी अगदी काठावरचं. पण एमसीव्ही ६४ आणि पेशी ६.४ दशलक्ष. तोही वाहक निघाला. दोघं वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता चारात एक असते. मेजरचं मूल दर तीन-चार आठवड्यांनी बाहेरच्या रक्तावर जगतं, आणि त्या रक्तातून साठणारं लोह काढायला जन्मभर वेगळी औषधं घेतं. अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा कण घेऊन बाळाची जनुकं तपासता येतात. दुसऱ्या महिन्यात खालच्या ओळी वाचल्या गेल्या म्हणून या जोडप्याला तो वेळ मिळाला. सातव्या महिन्यात, गोळ्यांनी रक्त वाढत नाही म्हणून चौकशी सुरू झाली असती, तर तो मिळाला नसता.

आता लोहाच्या साठ्याबद्दल, न फुगवता. मायनर असलेल्या माणसाचं हेप्सिडिन काही प्रमाणात कमी असू शकतं, कारण जोमाने काम करणारी मज्जा यकृताला तसा संदेश पाठवते. पण दार सताड उघडं नसतं. काही महिने गोळ्या खाल्ल्याने बहुतेकांचं यकृत बिघडत नाही. फायदा होत नाही, बद्धकोष्ठता आणि मळमळ मात्र होते. वर्षानुवर्षं गोळ्या, सोबत दारू किंवा यकृताचा दुसरा आजार असला तर चित्र बदलतं. पुरुषांनी आणि पाळी थांबलेल्या बायकांनी जास्त जपावं.

शिरेतून दिलं जाणारं लोह मात्र वेगळं. गोळ्यांनी फरक पडला नाही की पुढची पायरी म्हणून ते सर्रास दिलं जातं, आणि मायनरच्या माणसाला गोळ्यांनी फरक पडणार नसतोच. म्हणजे नेमकी तीच माणसं सुईपर्यंत पोचतात. सुईचं लोह आतड्याला वळसा घालतं. फेरिक कार्बोक्सिमाल्टोजच्या एका सलाइनमधून १००० मिलिग्रॅम लोह जातं, रक्ताच्या चार-पाच पिशव्यांतलं. ते परत बाहेर टाकायला पाळी नसलेल्या शरीराला, रोजच्या एखाद्या मिलिग्रॅमच्या हिशोबाने, तीन वर्षांच्या आसपास लागतील. त्यामुळे या सुईआधी फेरिटिन पाहणं मी तरी सक्तीचंच मानेन.

याची दुसरी बाजूही तितक्याच जोराने सांगायला हवी, कारण 'मायनर आहे म्हणजे लोह विषासमान' असं धरून बसलेली घरंही दिसतात. मायनर असलेल्या बाईचंही पाळीत रक्त जातं, तिलाही गरोदरपणात बाळासाठी आणि वारेसाठी लोह लागतं. तिचं फेरिटिन ३०च्या खाली असेल तर तिला लोह द्यायचं, बाकीच्यांसारखंच, गोळीनेच, आणि ठरावीक काळाने मोजून थांबवायचं. ताटातलं काही वगळायचं नाही. मेथी, खजूर, लोखंडी कढईतली भाजी यांनी मायनरमध्ये काही बिघडत नाही. हिमोग्लोबिन १३ करण्याचा हट्ट मात्र सोडायचा, कारण तिच्या शरीरासाठी १०.५ हाच नेहमीचा आकडा असू शकतो. फोलिक ॲसिड गरोदरपणात चालू ठेवायचं.

गावात किंवा तालुक्याच्या ठिकाणी एचपीएलसी होत नसेल तर पुष्कळ ठिकाणी नेस्ट्रॉफ्ट ही स्वस्त चाळणी-तपासणी होते. ती संशयास्पद आली की रक्ताचा नमुना पुढे पाठवतात. आणि एकदा घरात एक वाहक सापडला की त्याच्या सख्ख्या भावंडांना प्रत्येकी निदान निम्मी शक्यता असते. त्यांची तपासणी लग्नाआधी, आणि तसं जमलं नसेल तर पहिल्या बाळाचा विचार करण्याआधी व्हावी. ती आयुष्यात एकदाच करावी लागते.